टाकी अर्धी, पडद्यावर वजा १: पीएलसीत रॉ काउंट स्केल करताना

गळीत हंगामात रात्री बाराला फोन आला की समजायचं, कुठलीतरी टाकी ओसंडतेय. चिकोडी भागातल्या एका कारखान्यातले ऑपरेटर मामा बोलत होते : "काय ओ, रसाची टाकी निम्मी भरलीया आणि पडद्यावर वजा एक दाखवतंय की!" मी बेळगावात उद्यमबागला पॅनेल बांधतो. तो प्रोग्राम माझाच होता, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

टाकीची उंची ६०० सेंटिमीटर. लेव्हल ट्रान्समीटर ४ ते २० मिलिअँपिअर देतो आणि सिमेन्सच्या एस७-१२०० या पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं अ‍ॅनलॉग कार्ड त्याचे ० ते २७६४८ काउंट करतं. हिशेब शाळेतला त्रैराशिकाचा. टाकी निम्मी म्हणजे काउंट १३८२४, आणि उत्तर यायला हवं ३००. मी लिहिलं होतं :

```
#level := #raw * 600 / 27648;
```

`#raw` हा `INT`, म्हणजे १६ बिटांचा, जास्तीत जास्त ३२७६७ पर्यंतचा. १३८२४ गुणिले ६०० म्हणजे ८२,९४,४००. हा आकडा त्यात मावत नाही. जुन्या मोटरसायकलचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं तसंच इथं होतं. ६५५३६ च्या पूर्ण फेऱ्या काढून टाकल्या की ३६८६४ उरतात, आणि चिन्हासह वाचलं तर ते वजा २८६७२ होतात. त्याला २७६४८ नं भागलं की वजा १. मामांच्या पडद्यावर तेच होतं.

ही ओळखीची खूण लक्षात ठेवा. १६ बिटांतल्या कुठल्याही आकड्याला २७६४८ नं भागलं तर उत्तर वजा १, ० किंवा १ एवढंच येऊ शकतं. टाकी भरत असताना पडदा या तिघांतच नाचत असेल तर गुणाकार फुटलाय. लॅडरमध्ये गुणाकाराच्या `MUL` ब्लॉकचा `ENO`, म्हणजे गणित नीट झालं का ते सांगणारं टोक, चालू ठेवलेला असेल तर त्याच्या पुढची रेघ विझलेली दिसते.

घाईत सुचणारा उपाय म्हणजे आधी भागायचं. तो मीही करून बघितला होता, आणि तो जास्त फसवा आहे. पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक कापला जातो, त्यामुळे १३८२४ भागिले २७६४८ म्हणजे सरळ ०. टाकी काठोकाठ भरेपर्यंत पडद्यावर शून्य, आणि २७६४८ ला एकदम ६००. पाणी असतं तर चाललं असतं, रस वाया गेला की शिफ्टचे साहेब ऐकून घेत नाहीत.

आता नीट करायचं कसं ते सांगतो. सुरुवात कागदावर करा. मोठ्यात मोठा गुणाकार काढा, पण २७६४८ धरून नाही, `INT` चा शेवटचा ३२७६७ धरून, कारण २० मिलिअँपिअरच्या वरही काउंट चढतात. ३२७६७ गुणिले ६०० म्हणजे १,९६,६०,२००. ३२ बिटांच्या `DINT` ची हद्द २१४ कोटींच्या पुढे आहे, त्यामुळे जागा भरपूर.

मग गुणाकाराच्या आधी `DINT` करा. `INT_TO_DINT(#raw * 600)` असं लिहिणारे बरेच भेटतात, पण तिथं गुणाकार आत `INT` मध्येच होऊन फुटलेला असतो. सांडल्यावर मोठं भांडं घेऊन काय उपयोग?

```
#rawD  := INT_TO_DINT(#raw);
#prodD := #rawD * DINT#600;
#level := DINT_TO_INT((#prodD + 13824) / 27648);
```

शेवटच्या ओळीतला १३८२४ हा भाजकाचा निम्मा आहे. तो मिळवला नाही तर काउंट १३८२३ ला, म्हणजे २९९.९८ सेंटिमीटरला, पडदा २९९ दाखवतो. मिळवला की ३०० येतात. दशांश हवा असेल तर ६०० ऐवजी ६००० नं गुणून मिलिमीटर ठेवा आणि दशांश चिन्ह पडद्यावर द्या.

अपूर्णांक ठेवणारा `REAL` वापरायची मुभा असेल तर `NORM_X` आणि `SCALE_X` हे तयार ब्लॉक घ्या, प्रश्नच मिटतो. मात्र उत्तराचा टॅग `REAL` केला आणि उजवीकडे `#raw / 27648` तसंच ठेवलं, तर भागाकार पूर्णांकातच होतो आणि कापलेलं उत्तर मग `REAL` मध्ये जातं.

तपासताना ट्रान्समीटरच्या जागी हवा तेवढा मिलिअँपिअर देणारा लूप कॅलिब्रेटर लावा. ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअरला ०, १५०, ३००, ४५० आणि ६०० च्या आसपास यायला हवेत. नुसती दोन टोकं तपासू नका, कारण आधी भागणारा चुकीचा प्रोग्रामही दोन्ही टोकांना बरोबर उत्तर देतो. तो उपाय केला तेव्हा मी नेमकी तीच दोन टोकं बघून घरी आलो होतो.

एक राहिलं. ४ च्या खाली काउंट ऋण होतात, आणि निम्मा मिळवायची युक्ती तिथं एका सेंटिमीटरनं चुकते. ऋण लेव्हलला अर्थ नाही, म्हणून तिथं शून्य दाखवा. पण काउंट फार खाली गेल्याचा अलार्म कच्च्या `#raw` वरच लावा, शून्य करण्याआधी. नाहीतर ट्रान्समीटर बिघडून सिग्नल ४ च्या खाली घसरला तरी टाकी रिकामी दिसते आणि पंप रस ओतत राहतो.