लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतंय: घाबरायचं कधी, आणि गोळी अंगी कशी लावायची

रक्तवाढीची गोळी सुरू केली की एक-दोन दिवसांत शौचाचा रंग बदलतो. गडद हिरवा, मग काळपट, काहींना अगदी कोळशासारखा. गोळीतलं सगळं लोह शरीर घेऊ शकत नाही. जे उरतं ते आतड्यातून पुढे जाताना काळं पडतं आणि बाहेर येतं. यात काळजीचं काही नाही. उलट गोळी रोज घेऊनही शौचाचा रंग जरासुद्धा बदलला नाही, तर मी आधी विचारते की गोळी खरंच पोटात जातेय का.

पण "लोहाच्या गोळीने काळं होतंच, लक्ष देऊ नका" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्याला लोह दिलंय त्याचं रक्त मुळात कमी आहे, आणि ते कमी होण्याचं कारण पोटातला रक्तस्रावही असू शकतो. त्या स्रावानेही शौच काळंच होतं. म्हणजे नेमकं ज्या माणसात धोका ओळखायचा, त्याच्याच बाबतीत गोळीकडे बोट दाखवलं जातं. हा फरक करायला सुरुवातीला मलाही जड जायचं, म्हणून यावर सविस्तर लिहिते.

काळा रंग गोळीचा की रक्ताचा

नुसत्या रंगावरून ठरवू नका. शौच कसं आहे ते बघा. गोळीमुळे काळं झालेलं शौच बांधलेलं असतं, बहुतेक वेळा नेहमीपेक्षा कडकच. त्याला चकाकी नसते आणि वास नेहमीचाच असतो. भांड्यात पाणी ओतलं की ते निघून जातं. पांढऱ्या भांड्यावर पातळ डाग राहिला तर त्याला हिरवट झाक दिसते.

जठरातून किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून रक्त वाहिलं, तर ते आतड्यात पचत खाली येतं. तेव्हा शौच डांबरासारखं होतं: काळंभोर, चकचकीत, चिकट, बहुधा पातळसर. भांड्याला चिकटून बसतं, दोन-तीन वेळा पाणी ओतूनही हलत नाही, आणि पाण्यात कधीकधी तांबूस ओघळ दिसतो. वास इतका उग्र आणि वेगळा असतो की घरातल्या दुसऱ्या माणसालाही जाणवतो. असं होण्यासाठी साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त पुरतं, म्हणजे अर्धा कप. पोट दुखलंच पाहिजे असंही नाही.

लालभडक रक्ताचं वेगळं आहे. लोहाने शौच कधीच लाल होत नाही. कडक शौचामुळे गुदद्वाराला चीर पडली किंवा मूळव्याध चिघळली तर शौचाला बाहेरून लाल रक्त लागतं. पण "मूळव्याधच असेल" हे डॉक्टरांनी बघून सांगायचं, आपण नाही.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. साठीकडे आलेले गृहस्थ, हिमोग्लोबिन ९. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक बरेच महिने चालू. लोहाची गोळी सुरू झाली, शौच काळं झालं, घरचे म्हणाले गोळीमुळेच. गोळी नियमित घेऊनही महिन्याने हिमोग्लोबिन साडेआठ. इथे तीन गोष्टी ओरडून सांगत असतात. पहिली, गोळी नीट लागू पडली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान १ ने तरी वर जायला हवं. इथे ते खाली गेलं. दुसरी, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात. तिसरी, विचारल्यावर कळतं की शौच चिकट आहे आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा माणसाला लोहाची दुसरी कंपनी नको, दुर्बिणीची तपासणी हवी. पुरुष असो वा पाळी गेलेली बाई, लोह कमी होण्याचं कारण सापडल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहणं मला मान्य नाही.

शंका असेल तर शौचातल्या लपलेल्या रक्ताची तपासणी होते. लोहाच्या गोळीमुळे ती सहसा खोटी 'पॉझिटिव्ह' येत नाही, त्यामुळे "गोळी चालू आहे, तपासणी निरुपयोगी" असं कुणी म्हटलं तर मानू नका. डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली तर रंग काही दिवसांत पूर्ववत होतो, हाही पडताळा आहे. पण तो फक्त बाकी सगळं ठीक असलेल्या माणसासाठी. डांबरासारखं शौच, चक्कर, घाम, छातीत धडधड, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. वेदनाशामक गोळी थांबवा. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ती चालू आहे हे पोचल्याबरोबर सांगा.

मळमळ

"उपाशीपोटीच घ्या, नाहीतर फुकट" हे ऐकून कितीतरी बायका गोळी सोडून देतात. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण उलटून पडलेल्या गोळीचं काहीच शोषलं जात नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पेलाभर पाण्यासोबत, आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजतं. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास दूर ठेवा. गरोदर बाईने कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणासोबत घ्यावं आणि लोहाची लाल गोळी रात्री, म्हणजे गोंधळ होत नाही. थायरॉइडची गोळी असेल तर मध्ये चार तास हवेत.

तरीही मळमळ थांबली नाही तर डॉक्टरांना दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. एक डोस घेतला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर आतडं लोह कमी घेतं. म्हणून एक दिवस सोडून घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात अंगी लागतं, आणि त्रासही कमी होतो. गरोदरपणात आणि रक्त फारच कमी असताना हा बदल परस्पर करू नका. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ती गरोदरपणात रोज घ्यायची असते.

महागडी, हळूहळू विरघळणारी गोळी घेऊन मळमळ कमी होते, पण बहुतेकदा ती जिथे लोह शोषलं जातं तो भाग ओलांडल्यावर विरघळते, म्हणून. मी ती सुचवत नाही. डोस कमी करणं जास्त शहाणपणाचं.

बद्धकोष्ठता

दोन चमचे इसबगोल, भरपूर पाण्यासोबत, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. पाणी कमी पडलं तर इसबगोलानेच अडतं. त्याने भागलं नाही तर लॅक्ट्युलोजचं सिरप डॉक्टरांना विचारून घ्या, गरोदर बाईलाही ते देतात. सोनामुखीची चूर्णं रोज नकोत, आणि गरोदरपणात एरंडेल तर मुळीच नको.

हे सगळं करूनही गोळी सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. गोळ्या कपाटात ठेवून "घेते मी" असं सांगण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगा की जात नाहीत. आणि उरलेल्या गोळ्या उंचावर, कुलपात ठेवा. गोड वेष्टनाच्या त्या लाल गोळ्या लहान मूल गोळ्या-चॉकलेट समजून खातं, आणि मुलांना लोहाची विषबाधा जीवघेणी ठरते.