खताच्या गोणीचा फोटो वाचून पाच गुंठे कांद्याची मात्रा कशी काढावी

गेल्या रब्बीत मामांनी व्हॉट्सअॅपवर एका गोणीचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं : "पाच गुंठ्यांत कांदा लावतोय, यातलं किती टाकू?" फोटोत गोणीचं नाव मोठं दिसत होतं, पण कामाचा भाग घडीत दबलेला. मी त्यांना गोणी ताणून, समोरून, उजेडात पुन्हा फोटो काढायला सांगितलं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. एक फोटो पूर्ण दर्शनी बाजूचा हवा आणि दुसरा बारीक अक्षरांतल्या तक्त्याचा, अगदी जवळून.

नाव पाहून खत ओळखता येत नाही. २०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्यांवर 'भारत' हे एकच नाव येतं. 'भारत एनपीके' लिहिलेल्या दोन गोण्या शेजारी ठेवल्या तर लांबून सारख्याच दिसतात, पण आतलं खत वेगळं असू शकतं. फरक कळतो तो विसर्गचिन्हांनी जोडलेल्या आकड्यांवरून. मामांच्या फोटोत १०:२६:२६ होतं. क्रम ठरलेला असतो, आधी नत्र, मग स्फुरद, मग पालाश. म्हणजे त्या खताच्या १०० किलोत १० किलो नत्र, २६ किलो स्फुरद आणि २६ किलो पालाश. चौथा आकडा असेल, जसा २०:२०:०:१३ मध्ये असतो, तर तो सहसा गंधकाचा. मधलं शून्यही वाचायचं, कारण त्याचा अर्थ पालाश अजिबात नाही. क्रम चुकला की गफलत होते. युरियातला ४६ नत्राचा आहे, तर डीएपीच्या १८:४६:० मधला ४६ स्फुरदाचा.

फोटोत २६ आहे की २८, अशी शंका आली तर अंदाज करू नका, खालचा तक्ता पाहा. तिथे प्रत्येक अन्नद्रव्याची वजनी टक्केवारी पुन्हा दिलेली असते आणि ती मोठ्या आकड्यांशी जुळली पाहिजे. या तक्त्यात स्फुरदाच्या दोन ओळी असतात आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच उडतो. डीएपीचं उदाहरण घ्या. एका ओळीत ४६, दुसरीत 'वॉटर सोल्युबल' म्हणून ३९.५. हे दोन वेगळे साठे नाहीत, त्यांची बेरीज करायची नाही. पिकाला मिळू शकणारं स्फुरद ४६ टक्के, आणि त्यातलंच किमान ३९.५ टक्के पाण्यात विरघळणारं. हिशोबाला ४६ धरायचा. नत्राचंही तसंच, 'टोटल नायट्रोजन' ही ओळ घ्यायची, तिच्याखालचे प्रकार सोडून द्यायचे.

स्फुरदापुढे P2O5 आणि पालाशापुढे K2O लिहिलेलं दिसेल. आपल्याकडच्या शिफारशीही याच रूपात दिलेल्या असतात, त्यामुळे आकडे बदलून घ्यावे लागत नाहीत.

आता जमीन मोजा. मामांचा तुकडा ९० फूट बाय ६० फूट, म्हणजे ५४०० चौरस फूट. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा, १०८९ चौरस फुटांचा, तेव्हा हा तुकडा जवळपास पाच गुंठे भरला. बांध आणि पाट यात धरू नका, खत तिथे पडणार नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची रब्बी कांद्यासाठीची रूढ शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी आहे. एका हेक्टरात साधारण १०० गुंठे येतात, म्हणून शिफारशीला १०० ने भागलं की गुंठ्याचा आकडा मिळतो. गुंठ्याला एक किलो नत्र आणि अर्धा अर्धा किलो बाकी दोन. पाच गुंठ्यांना नत्र ५ किलो, स्फुरद २.५ आणि पालाश २.५. माती तपासलेली असेल तर आधी तिच्या अहवालाप्रमाणे शिफारस कमी-जास्त करून घ्या, मग पुढचा हिशोब करा.

लागणारं अन्नद्रव्य भागिले गोणीवरची टक्केवारी, गुणिले १००, एवढंच गणित आहे. पण ते कोणत्या अन्नद्रव्यापासून सुरू करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. मामांनी नत्रापासून केलं होतं. ५ भागिले १०, गुणिले १००, उत्तर ५० किलो, म्हणजे अख्खी गोणी. त्यातून स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १३ किलो पडलं असतं, गरजेच्या पाचपटीहून जास्त. म्हणून तिन्ही अन्नद्रव्यांसाठी गणित करा आणि सर्वांत लहान उत्तर घ्या. स्फुरदासाठी २.५ भागिले २६, गुणिले १०० म्हणजे ९.६ किलो, आणि पालाशासाठीही तेवढंच. तर १०:२६:२६ घालायचं ते ९.६ किलो.

यातून सुमारे एक किलो नत्रही मिळतं. उरलेलं चार किलो युरियातून, ४ भागिले ४६, गुणिले १००, म्हणजे ८.७ किलो. हा युरिया एकदम टाकायचा नसतो. निम्मं नत्र लावणीला आणि निम्मं नंतर, ही रीत. लावणीच्या वेळी अडीच किलो नत्र हवं, एक किलो मिश्रखतातून आलं, राहिलेल्या दीड किलोसाठी साधारण ३.३ किलो युरिया. बाकी ५.४ किलोचे दोन सारखे हप्ते, ३० आणि ४५ दिवसांनी. साठ दिवसांनंतर नत्र देऊ नका, माना जाड होतात आणि तो कांदा चाळीत टिकत नाही.

त्याच दुकानात २०:२०:०:१३ पण होतं, म्हणून मी त्याचंही गणित करून पाहिलं. स्फुरदासाठी १२.५ किलो लागतं. त्यातून नत्र बरोबर अडीच किलो मिळतं, म्हणजे लावणीचा नत्राचा हप्ता तिथेच पूर्ण, वर सुमारे १.६ किलो गंधक. कांद्याला गंधक लागतंच आणि १०:२६:२६ मध्ये ते नसतं. पालाश मात्र शून्य, म्हणून ६० टक्क्यांचं म्युरेट ऑफ पोटॅश ४.२ किलो वेगळं घ्यावं लागतं. मला कांद्यासाठी ही दुसरी जोडी जास्त पटते. पण मामांकडे पहिली गोणी आलेलीच होती, तेव्हा तीच वापरली आणि गंधक वेगळं दिलं.

शेवटी मोजमाप. डब्याने मोजू नका, एकाच डब्यात युरिया आणि दाणेदार मिश्रखत यांचं वजन सारखं भरत नाही. रिकामी बादली काट्यावर ठेवा, तिचं वजन लिहा आणि खत घातल्यावर ते वजा करा. मामांचे वीस वाफे होते. ९.६ किलोला वीसने भागून वाफ्याला ४८० ग्रॅम आणि लावणीच्या वेळचा युरिया १६५ ग्रॅम. पहिल्या वाफ्याचं खत तोलून एका वाटीत घेतलं, वाटीला आतून खुणेची रेघ मारली, दोन खतांसाठी दोन वाट्या. युरिया मिश्रखतात मिसळायचा असेल तर टाकायच्या वेळीच मिसळा, रात्रभर ठेवलात तर ओल धरून गोळे होतात आणि वाटीचं माप चुकतं.