कानाला दडा बसलाय की कान ठणकतोय? विमानप्रवास आणि सर्दीनंतरचं कानाचं दुखणं घरी कसं ओळखावं

गेल्या हिवाळ्यात एकाच घरातले दोघं चार दिवसांच्या अंतराने माझ्या दवाखान्यात आले. वडील साधारण बेचाळीस वर्षांचे आणि मुलगी चार वर्षांची. दोघांनाही आधी सर्दी झाली आणि मग कान दुखायला लागला. घरच्यांनी दोघांवर एकच उपाय केला होता, तो म्हणजे लसूण घालून कोमट केलेलं तेल. वडिलांनी तर औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकही आणून सुरू केलं होतं. प्रत्यक्षात दोघांच्या कानात अगदी वेगळं काहीतरी चाललं होतं. वडिलांच्या कानाला दडा बसला होता, तर मुलीचा कान आतून पिकला होता. हा फरक बऱ्याच अंशी घरच्या घरी ओळखता येतो. तो कसा ओळखायचा आणि पुढे काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी दडा का बसतो ते पाहा

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथून साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबीची एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या आतली-बाहेरची हवा सारखी होते. कानात 'टक्' वाजतं ते हेच.

विमान कितीही उंच उडत असलं तरी केबिनमधल्या हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. म्हणजे बसल्या जागी आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही वर जाऊन येतो. वर जाताना पडद्यामागची हवा फुगते आणि नळीतून आपसूक बाहेर पडते, त्यामुळे त्रास कमी होतो. खाली उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि हवा उलट आत जायला हवी असते. पण नळीचं घशाकडचं तोंड मऊ आहे. ओल्या फुग्याचं तोंड चिकटावं तसं ते त्या ओढीने आणखी घट्ट मिटतं. सर्दीने नळी सुजलेली असेल तर ती उघडतच नाही. मग पडदा आत खेचला जातो आणि कान दुखतो. दाबाचा फरक फार वाढला की कितीही गिळलं तरी नळी उघडत नाही. म्हणून उपाय विमान उतरायला लागल्याबरोबर सुरू करायचा असतो, कान दुखायला लागल्यावर नाही.

या वडिलांना दिल्लीहून पुण्याला येताना सर्दीचा चौथा दिवस होता. औषध घेऊन ते झोपले आणि विमान उतरताना कळ येऊन जागे झाले. झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो, त्यामुळे उतरतानाची झोप वाईटच.

पायरी १: दुखण्याची गोष्ट नीट आठवा

दुखणं कधी सुरू झालं हे आधी पाहा. विमान उतरताना किंवा सर्दी भरात असताना सुरू झालं आणि नंतर कळ ओसरून जडपणा राहिला, तर दडा बसल्याची शक्यता जास्त. अशा वेळी कानात कापूस कोंबल्यासारखं वाटतं, स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, गिळताना टकटक किंवा चरचर वाजतं. एखाद्या क्षणी कान मोकळा होतो आणि पुन्हा मिटतो. ताप नसतो. दुखलंच तर बोथट दुखतं.

सर्दी होऊन दोन-चार दिवस गेले, जरा बरं वाटायला लागलं आणि मग रात्री अचानक ठणका लागला, तर जंतुसंसर्गाचा विचार करा. हा ठणका नाडीच्या ठोक्यागणिक वाढतो, माणसाला झोपू देत नाही आणि बरेचदा सोबत ताप असतो. त्या मुलीला रात्री दोन वाजता १०२ ताप होता. ती कानावर हात धरून रडत होती आणि आडवं केलं की जास्तच रडायची. सकाळी मात्र एकदम शांत झाली. आईला वाटलं तेलाने गुण आला, पण उशीच्या अभ्र्यावर पिवळसर डाग होता. आतल्या पुवाच्या दाबाने पडद्याला बारीक भोक पडून कान फुटला होता आणि दाब उतरल्यामुळे ठणका थांबला होता. कान दुखायचा थांबला आणि वाहायला लागला, तर बरं झालं असं समजू नका.

पायरी २: दोन छोट्या तपासण्या

पहिली बोटाची. कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला एक छोटा कुर्चेचा उंचवटा असतो. तो हळूच दाबा, मग कानाची पाळी मागे-वर ओढा. त्याने कळ आली तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत आहे. पाणी जाऊन किंवा कान कोरून होतो तो हा संसर्ग, आणि त्याचा उपचार वेगळा. पडद्यामागच्या दुखण्यात या ओढण्याने सहसा फरक पडत नाही.

दुसरी तपासणी मला फार मोलाची वाटते. तोंड मिटून जाड आवाजात 'हं' असा सूर धरा आणि तो कुठल्या कानात मोठा वाजतो ते पाहा. बंद वाटणाऱ्या कानातच मोठा वाजला, तर अडथळा पडद्याच्या आसपास आहे. तो दडा असेल, मळ असेल किंवा पाणी. पण कान बंद वाटतोय आणि सूर मात्र चांगल्या कानात मोठा येतोय, तर कानाच्या नसेला इजा झालेली असू शकते. अशी अचानक आलेली बधिरता लोक सर्दीचा दडा समजून अंगावर काढतात आणि उपचाराचे पहिले मोलाचे दिवस जातात. स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच जास्त. त्यामुळे असा सूर आला तर त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. ही चाचणी पक्की नाही. ऐकू येणं एकाएकी खूप कमी झालं असेल तर सूर कुठेही वाजो, जाच.

पायरी ३: दडा असेल तर

दिवसातून पाच-सहा वेळा नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि पाण्याचा एक घोट गिळा. हा सगळ्यात सौम्य प्रकार. त्याने नाही सुटलं तर नाक-तोंड बंद ठेवून गालात हवा भरा आणि अगदी हलका जोर लावा, दोन-तीन सेकंदच. चेहरा लाल होईपर्यंत जोर लावायचा नाही, त्याने आतल्या कानाला इजा होऊ शकते. नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड वाहत असेल तर हा दुसरा प्रकार टाळा, कारण तोच शेंबूड नळीतून वर ढकलला जातो.

नाक बंदच असेल तर मोठ्या माणसांनी झायलोमेटाझोलिन ०.१ टक्क्याचे दोन-तीन थेंब प्रत्येक नाकपुडीत, दिवसातून दोन-तीन वेळा टाकायला हरकत नाही. पण पाच दिवसांच्या पुढे नको. त्यानंतर हे थेंब सोडले की नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीला बांधला जातो. रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर आधी विचारून घ्या. लहान मुलांना मोठ्यांचे थेंब देऊ नका. दुखत असेल तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम पुरते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, तेव्हा दोन्ही एकत्र घेऊन मात्रा दुप्पट होत नाही ना हे पाकिटावर वाचा.

तेल, पेरॉक्साइड, कानकोरणं यातलं काहीही उपयोगाचं नाही. अडथळा पडद्याच्या पलीकडे आहे आणि तेल अलीकडेच राहतं. पडद्याला भोक असेल तर ते आत जाऊन बिघाड वाढवतं. अँटिबायोटिकचंही तसंच, बंद नळीत मारायला जंतूच नसतात.

त्या वडिलांचा पडदा मी पाहिला तेव्हा तो तंबूचं कापड आत ओढल्यासारखा खेचलेला होता आणि मागे मधासारखं पाणी साचून त्यात दोन बुडबुडे दिसत होते. हे बुडबुडे चांगलं लक्षण, थोडी हवा आत पोहोचतेय असा त्याचा अर्थ. अँटिबायोटिक मी बंद केलं. बाराव्या दिवशी गुळण्या करताना पहिला मोठा 'टक्' आला, सतराव्या दिवशी पडदा जागेवर होता. साधा दडा काही तासांत किंवा दिवसांत सुटतो, आत पाणी झालं असेल तर काही आठवडे लागतात.

पायरी ४: ठणका असेल तर

वेदनाशामक वेळेवर द्या, मुलांना वजनानुसार. कान कोरडा ठेवा आणि पडदा डॉक्टरांना दाखवा. संसर्गात तो लाल होऊन बाहेरच्या बाजूला फुगलेला असतो, दड्याच्या नेमका उलट. मोठ्या मुलांत दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस वाट पाहायला सांगतात, कारण पुष्कळ संसर्ग आपोआप उतरतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, वाहणारा कान किंवा जोरात ताप असेल तर थांबायचं नाही. त्या मुलीला आम्ही अँटिबायोटिक दिलं आणि भोक पुढच्या काही आठवड्यांत भरून आलं.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली, मान ताठ झाली किंवा चक्कर येऊन तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि मोठ्या माणसाच्या एकाच कानाला तीन-चार आठवड्यांच्या वर दडा राहिला, तर नाकाच्या मागचा भाग दुर्बिणीने तपासून घ्या. तिथली गाठ नळीचं तोंड दाबत असू शकते.

पुढचा प्रवास

बरे होता होता वडिलांनी विचारलं, "डॉक्टर, नऊ दिवसांनी परत दिल्लीला जायचंय. जाऊ ना?" मी त्यांना नाक धरून पाणी गिळायला सांगितलं. दोन्ही कानांत 'टक्' वाजलं तर जा, एका जरी कानात वाजलं नाही तर तिकीट पुढे ढकला किंवा रेल्वेने जा. शिवाय नाक चोंदलेलं असेल तर विमान उतरायला लागण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी थेंब टाका, झोपू नका, विमान खाली येतंय असं जाणवल्यापासून दर दोन-तीन मिनिटांनी घोट गिळा. मुलगी सोबत असेल तर तिला तेव्हा जागं ठेवून काहीतरी प्यायला द्या, अंगावर पिणारं बाळ असेल तर त्याच वेळी पाजा. निघायच्या दिवशी दोन्ही कान वाजले आणि ते विमानानेच गेले.