जागेच्या मर्यादेत ईओक्यू काढताना या चुका टाळा

समजा, एका गोदामात दोन मालांची खोकी ठेवायची आहेत आणि दोन्हींच्या प्रत्येक ऑर्डरचा खर्च ५,००० रुपये आहे. पहिल्या मालाची वार्षिक मागणी ३,६०० खोकी, साठवणखर्च खोक्यामागे वर्षाला ४०० रुपये आणि व्यापलेली जागा ०.२ चौरस मीटर आहे. दुसऱ्याचे हेच आकडे ६,४००, १,६०० रुपये आणि ०.१५ आहेत. जागेचा विचार न करता ईओक्यू, म्हणजे एका वेळी मागवण्याची सर्वात किफायतशीर संख्या, अनुक्रमे ३०० आणि २०० खोकी येते. त्यासाठी ९० चौरस मीटर लागतात, पण गोदामात फक्त ५४ उपलब्ध आहेत.

सर्रास होणारी चूक म्हणजे दोन्ही ऑर्डर सरसकट ६० टक्क्यांवर आणणे. १८० आणि १२० खोकी जागेत नेमकी बसतात, म्हणून उत्तर बरोबर वाटते. मात्र ऑर्डर आणि साठवणीचा मिळून वार्षिक खर्च सुमारे ४,९८,६६७ रुपये होतो. योग्य सूत्र असे आहे:

```
Q = sqrt(2KD / (h + 2λa))
```

येथे K ऑर्डरचा खर्च, D मागणी, h साठवणखर्च, a खोक्याची जागा आणि λ हा जागेच्या टंचाईमुळे प्रत्येक चौरस मीटरवर धरलेला वार्षिक दर आहे. λ वाढवत गेल्यास लागणारी जागा घटत जाते: शून्याला ९०, १,००० ला सुमारे ७० आणि ३,००० ला बरोबर ५४. तेव्हा ऑर्डर १५० आणि १६० खोक्यांची ठरते व खर्च ४,७८,००० रुपयांवर येतो. स्वस्त पण जागा खाणाऱ्या मालाची ऑर्डर निम्मी झाली, महागाची केवळ पाचव्या हिश्श्याने घटली. सरसकट कपात फक्त h आणि a यांचे गुणोत्तर सर्व मालांत सारखे असेल तेव्हाच योग्य ठरते.

गोदाम ९० चौरस मीटरहून मोठे असेल, तर λ शून्यच ठेवावा. जागा भरण्याचा हट्ट धरल्यास तो ऋण येतो आणि गरजेपेक्षा जास्त माल मागवला जातो. तसेच जागा सरासरी साठ्यावर, म्हणजे Q/2 वर, मोजू नये. तसे केल्यास मूळ ऑर्डरींना ४५ चौरस मीटर पुरतील असे दिसते, पण दोन्ही माल एकाच सुमारास आले की ते मावत नाहीत.

सूत्रातील λ पुढचा २ विसरण्याची चूक मात्र लपून राहते. जागा जुळेपर्यंत λ बदलत गेल्यास ऑर्डरींचे आकडे बरोबरच येतात. फक्त λ ३,००० ऐवजी ६,००० निघतो. योग्य λ म्हणजे वाढीव चौरस मीटरने वर्षाला होणारी बचत असल्याने, या चुकीच्या आकड्यावरून जादा जागेसाठी दुप्पट भाडे परवडेल असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

λ योग्य असला तरी तो फक्त सध्याच्या सीमेवरचा दर आहे. वार्षिक भाडे चौरस मीटरला १,५०० रुपये असताना पूर्ण ३६ चौरस मीटर घेतल्यास ५४,००० रुपये जातात आणि बचत मात्र ३८,००० रुपयांचीच होते. λ भाड्याइतका, म्हणजे १,५०० होईपर्यंतच जागा वाढवावी. तेथे एकूण गरज सुमारे ६४ चौरस मीटर आहे, म्हणून जवळपास १० चौरस मीटरच भाड्याने घेणे योग्य ठरते.