सोमवारी रुजू होणाऱ्याला गुरुवारी पाठवायचा निरोप: बडीची तयारी

नवीन माणूस सोमवारी रुजू होणार आणि त्याचे किंवा तिचे बडी, म्हणजे सुरुवातीला सोबत करणारे सहकारी, तुम्ही, असं एचआरने कळवलं की पहिलं काम स्वागताचा निरोप लिहिण्याचं. बसल्या बसल्या लिहिला तर तो ‘वेलकम टू द टीम, काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर संपतो. वाचणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, कारण काय लागणार हेच त्याला अजून माहीत नसतं. म्हणून लिहायच्या आधी अर्धा तास माहिती गोळा करायला ठेवा. इथे उदाहरण हिंजवडीतल्या एका मोठ्या आवारातल्या कंपनीचं घेतलं आहे. रुजू होणारी व्यक्ती तीन-चार वर्षं दुसरीकडे काम करून येते आहे, वयाने बडीपेक्षा थोडी मोठीही असेल. चाकणच्या कारखान्यात किंवा बँकेच्या शाखेत तपशील बदलतील, तयारीची पद्धत हीच राहील.

निरोप गुरुवारी दुपारी जायला हवा. रविवारी रात्री पाठवलेला निरोप कितीही चांगला असला तरी उशिराचा: झेरॉक्सचं दुकान बंद असतं, आधीच्या कंपनीच्या एचआरला फोन करता येत नाही, आणि झोपायच्या वेळी नवी काळजी लागते. गुरुवारी पाठवला तर कागदांसाठी शुक्रवारचा कामाचा दिवस हातात राहतो.

आता माहिती. आधी फाटकापासून आपल्या टेबलापर्यंत एकदा चालत जा, पण आपलं कार्ड खिशात आहे हे विसरून. पहिल्या दिवशी कार्ड नसलेल्या माणसाला कुठे कुठे अडवतील ते पाहा. मोठ्या आवारांना दोन-तीन फाटकं असतात आणि नकाशावर कंपनीचं नाव टाकलं की टाचणी अनेकदा मागच्या, मालाच्या गाड्यांच्या फाटकावर पडते. तिथून पुढच्या फाटकाला वळसा घालून यायला सकाळच्या गर्दीत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्यामुळे ‘गेट क्रमांक २’ एवढं पुरत नाही. रिक्षावाल्याला सांगता येईल अशी खूण द्या: कुठल्या चौकातून कुठल्या हाताला, समोर काय आहे. सुरक्षा चौकीवर विचारून घ्या की येणाऱ्यांच्या यादीत नाव गेलं आहे का आणि कसं गेलं आहे. यादीत आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, किंवा एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही चौकीवर खोळंबा होतो. तो गुरुवारीच एचआरला सांगून मिटवता येतो.

दुचाकीचं वेगळं विचारा. पार्किंगचा स्टिकर पहिल्या दिवशी नसतो, मग गाडी पाहुण्यांच्या जागेत लावायची का, आणि हेल्मेटशिवाय आत सोडतात का. स्वतःचा लॅपटॉप आणला तर बऱ्याच ठिकाणी त्याचा क्रमांक नोंदवून चिठ्ठी देतात आणि संध्याकाळी ती चिठ्ठी दाखवल्याशिवाय तो बाहेर नेता येत नाही. पेन ड्राइव्ह चौकीवरच ठेवून घेतात. तुमच्याकडे असा नियम असेल तर एका वाक्यात लिहा, म्हणजे माणूस ते सामान घरीच ठेवून येईल.

कागदांची पूर्ण यादी एचआरच्या ईमेलमध्ये असते. ती तुमच्या निरोपात पुन्हा लिहू नका. दोन याद्या झाल्या आणि त्यांत एका कागदाचा फरक पडला, तर खरी कोणती हे नवीन माणसाला कळत नाही. तुम्ही फक्त हमखास राहून जाणाऱ्या गोष्टींची आठवण करा. नोकरी बदलून येणाऱ्यांच्या बाबतीत त्यातली सर्वांत महत्त्वाची म्हणजे पीएफचा यूएएन. हा बारा आकडी क्रमांक माणसाचा असतो, कंपनीचा नव्हे. नोकरी बदलली तरी तोच राहतो. रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये आधीच्या सभासदत्वाची माहिती विचारतात. तिथे घाईत ‘आधी सभासद नव्हतो’ असं भरलं गेलं तर दुसरा यूएएन निघू शकतो आणि दोन खात्यांतले पैसे एकत्र करायला पुढे खेटे घालावे लागतात. दुसरी अडचण आधीच्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख न भरल्याची. ती तारीख नसेल तर जुन्या खात्यातली रक्कम नव्याकडे वळवण्याचा अर्ज अडतो. पीएफच्या सभासद पोर्टलवर सेवेचा इतिहास उघडला की ती तारीख भरली आहे की नाही ते दिसतं. बडीने इतकं सगळं समजावत बसायचं नाही. ‘यूएएन लिहून आणा आणि नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर दिसते का ते पाहून ठेवा’ एवढं सांगितलं की पुरे. पुढचं एचआर सांगेल. याच आर्थिक वर्षात आधीच्या कंपनीकडून मिळालेला पगार आणि कापलेला कर यांचा तपशील दिला नाही, तर नवी कंपनी फक्त आपल्या पगारावर कर मोजते आणि विवरणपत्र भरताना बरीच रक्कम एकदम भरावी लागते. तेही एका ओळीत येऊ द्या.

कागद मात्र स्वतःकडे मागवू नका, ‘फोटो काढून पाठवा, मी एचआरला देते’ असंही नको. आधार आणि पॅन थेट एचआरकडेच जायला हवेत. नोकरीच्या नावाखाली कागद आणि पैसे उकळणारे असेच अनोळखी क्रमांकावरून, आपुलकीने लिहितात. तुमचा निरोप तसा वाटू नये म्हणून तो कंपनीच्या ईमेलवरून पाठवा. ऑफर लेटर ज्यांच्याकडून आलं त्या एचआरच्या व्यक्तीचं नाव त्यात येऊ द्या, आणि एकही लिंक टाकू नका. ज्याला खात्री करायची असेल तो एचआरला विचारून करू शकेल.

मग सूर. मराठीत जवळीक आणि अंतर सगळ्यात आधी सर्वनामात दिसतं. ‘तू’ने सुरुवात करू नका, टीममध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करत असले तरी. ते त्या माणसाने आल्यावर ठरवू दे. ‘आपण उपस्थित राहावे’ हा परिपत्रकाचा सूर झाला. ‘तुम्ही या, आणा, कळवा’ हे मधलं बरोबर बसतं. शिवाय ‘तुम्ही आलात’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालतं, नावावरून कळलं नाही तरी वाक्य चुकत नाही. नुसत्या नावाने हाक मारायची तुमच्याकडे रीत असेल तर ‘नमस्कार’ आणि पहिलं नाव पुरतं. ताई, दादा पहिल्याच निरोपात नको. आडनावावरून भाषाही ठरवू नका. कुलकर्णी हैदराबादेत वाढलेले असू शकतात. एचआरशी त्यांचा पत्रव्यवहार ज्या भाषेत झाला, त्या भाषेत लिहा.

या निरोपाने माहिती द्यायची, मागायची नाही. ‘मूळचे कुठले?’, ‘घरी कोण कोण असतं?’, ‘राहायला कुठे, भाड्याने का?’ हे प्रश्न विचारणाऱ्याला साधे वाटतात. पण गाव आणि आडनाव जोडून जात काढायची सवय आपल्याकडे आहे आणि उत्तर देणाऱ्याला ती चांगली ठाऊक असते. जेवणाचंही तसंच. ‘तुम्ही व्हेज का?’ विचारण्यापेक्षा कँटीनमध्ये काय काय मिळतं ते लिहा: दोन्ही प्रकारचं जेवण, उपवासाचं काही असतं का, डबा गरम करायला मायक्रोवेव्ह कुठे. ज्याचं त्याने ठरवावं. पैसे यूपीआयने चालतात की कार्डावरच भरावे लागतात हे जरूर सांगा. पहिल्या दिवशी कार्ड मिळालेलं नसतं आणि माणूस हातात ताट घेऊन काउंटरवर अडतो. अशा ठिकाणी ते जेवण तुमच्या कार्डावर घ्यायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

एवढं जमल्यावर निरोप असा होतो. नावांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

‘नमस्कार …, मी …, तुम्ही रुजू होताय त्या टीममध्ये चार वर्षांपासून आहे. पहिला महिना तुमची बडी म्हणून एचआरच्या … यांनी माझं नाव दिलं आहे. सोमवारी साडेनऊची वेळ आहे. चौकीवर नोंदणीला वीस मिनिटं लागतात, म्हणून नऊ वाजून दहापर्यंत पोचलात तर बरं. गेट क्रमांक २ वर या. नकाशा कधी कधी मागच्या गेटवर नेतो. चौकातून डावीकडे वळलं की पेट्रोल पंपासमोरचं निळ्या कमानीचं गेट आपलं. दुचाकी असेल तर पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावा, हेल्मेट लागतं. स्वतःचा लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्ह आणू नका. कागदांची यादी एचआरच्या ईमेलमध्ये आहे. त्यातलं मूळ आधार, यूएएन आणि आधीच्या कंपनीचा या वर्षीचा पगार व कराचा तपशील हे आठवणीने ठेवा. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर दिसते का, तेही पाहून ठेवा. एक वाजता आम्ही चौघं कँटीनला जातो, तुम्ही आलात तर आवडेल. डबा आणलात तरी तिथेच बसतो. सकाळी गेटवर मी असेन, आणि मला अडचण आली तर टीममधले … येतील. दोघांचे क्रमांक खाली आहेत. पगार, रजा, करार याबद्दल … यांनाच विचारा, मला त्यातलं नेमकं माहीत नसतं. उत्तराची घाई नाही.’

हा फोनवर दीड पडद्यात मावतो. याहून वाढला तर दुसऱ्या आठवड्यातली माहिती त्यात शिरली आहे असं समजा: वायफाय, रजेचा अर्ज, टीमची कामं. ती काढून टाका. पहिल्या दिवशी जेवणापर्यंत जे लागेल तेवढंच राहू द्या. जेवणाच्या वाक्यात ‘आलात तर आवडेल’ आहे, ‘यायचंच हं’ नाही. पहिल्या दिवशी दुपारी कोणाला घरी फोन करायचा असतो, कोणाला थोडं एकटं बसायचं असतं. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्येही परस्पर जोडू नका. क्रमांक एचआरने दिला तो या कामापुरता. ग्रुप आहे एवढं सोमवारी तोंडी सांगा आणि विचारून जोडा.

पाठवण्याआधी वेळ आणि गेट एचआरच्या ईमेलशी ताडून बघा. तिथे ‘गेट १’ आणि तुमच्याकडे ‘गेट २’ असेल तर आधी एचआरशी बोला, मगच निरोप जाऊ द्या. पाठवल्यावर उत्तर आलं नाही तरी फोन करू नका. रुजू होण्याआधीचे धावपळीचे दिवस असतात, ईमेल वाचूनही बाजूला ठेवला जातो. रविवारी संध्याकाळी एकच ओळ पुरे: ‘उद्या नऊ वाजून दहाला, गेट २, मी तिथेच असेन.’ आणि नऊ वाजताच तिथे जाऊन उभे राहा, कारण जो वीस मिनिटं आधी पोचतो त्याला चौकीवर पहिला प्रश्न ‘आत कोणाकडे जायचंय?’ हाच विचारतात.