एलएलपी की साधी भागीदारी? आधी बुडीत उधारीचा हिशोब मांडा

दोघांनी मिळून धंदा काढायचा ठरला की पहिली चर्चा नफ्याच्या वाटणीवर होते. ती जरा बाजूला ठेवा. धंदा बसला तर घेणेकरी कोणाच्या दारात येऊ शकतो, हे आधी पाहा. साधी भागीदारी निवडायची की एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, हे त्यावरच ठरते.

पायरी 1: वाईटात वाईट दिवस कागदावर मांडा

इचलकरंजीतले दोघे सूत उधारीवर घेऊन कापड विणून घेतात, असे धरू. नफ्यातोट्यात पहिल्याचा वाटा 80 टक्के, दुसऱ्याचा 20. दुसऱ्याच्या नावावर फ्लॅट आहे, पहिल्याकडे फारसे काही नाही. धंदा बसतो. सूत व्यापाऱ्यांचे देणे 40 लाख आणि संस्थेतला माल, यंत्रे, येणी विकून हाती येतात 12 लाख. 28 लाख कमी पडतात.

पायरी 2: हेच आकडे साध्या भागीदारीत घालून पाहा

1932 च्या भागीदारी कायद्यानुसार संस्थेचे प्रत्येक देणे हे प्रत्येक भागीदाराचे एकत्रित आणि स्वतंत्र देणे असते. त्यामुळे व्यापारी उरलेले सगळे 28 लाख एकट्या 20 टक्केवाल्याकडून मागू शकतो, आणि हुकूमनामा झाला तर फ्लॅटही जप्तीत सापडू शकतो. 'माझा वाटा पाचवा हिस्सा' हे भागीदारांचे आपसातले गणित आहे, बाहेरच्याला ते लागू नाही. दुसऱ्याच्या वाट्याचे 5 लाख 60 हजार होतात. बाकीचे 22 लाख 40 हजार त्याने पहिल्याकडून वसूल करावेत, असे कायदा म्हणतो खरा. पण ज्याच्याकडे काही नाहीच, त्याच्याकडून काय वसूल करणार?

हे असे होते, कारण भागीदारी संस्था म्हणजे फर्म ही कायद्याच्या नजरेत भागीदारांहून वेगळी कोणी नाही. फर्मचे नाव म्हणजे त्या माणसांचेच सामाईक नाव. करारात वेगळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, तेही याच कारणाने. फर्मची नोंदणी केली तरी तिला वेगळे अस्तित्व मिळत नाही. नोंदणीचा मोठा फायदा एवढाच की ग्राहकाने पैसे बुडवले तर करारावरून दावा लावता येतो. नोंदणी नसलेल्या फर्मला साधारणपणे तो लावता येत नाही.

पायरी 3: आता एलएलपीत घाला

2008 च्या कायद्याने एलएलपी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती मानली आहे. मालमत्ता तिच्या नावावर, दावे तिच्या नावाने, आणि भागीदार बदलले तरी ती चालू. सुताचे देणे तिचे, म्हणून ते तिच्याच मालमत्तेतून फिटते. दुसऱ्याने भांडवल म्हणून 5 लाख द्यायचे कबूल करून 3 लाखच भरले असतील, तर राहिलेले 2 लाख मात्र द्यावे लागतील. त्यापलीकडे फ्लॅटला हात लागत नाही. शिवाय भागीदार हा एलएलपीचा प्रतिनिधी असतो, दुसऱ्या भागीदाराचा नाही. एकाने चूक केली म्हणून दुसरा अडकत नाही. स्वतःच्या चुकीची जबाबदारी मात्र ज्याची त्यालाच, आणि घेणेकऱ्यांना फसवण्यासाठी धंदा चालवला असेल तर त्यात सामील भागीदारांना कसलीच मर्यादा उरत नाही.

पायरी 4: ही ढाल कुठे गळते ते तपासा

बँकेचे कर्ज घेताना समोर येणारा कागदांचा गठ्ठा नीट वाचा. त्यात वैयक्तिक हमीपत्र हमखास निघते. त्यावर सही केली की तेवढ्या कर्जापुरते तुम्ही पुन्हा साध्या भागीदारीत आलात. आमच्या उदाहरणात 40 लाख व्यापाऱ्यांऐवजी हमी घेतलेल्या बँकेचे असते, तर एलएलपी असूनही फ्लॅट धोक्यातच होता.

सही करतानाही सांभाळा. नुसत्या आपल्या नावाने नको, 'अमुक एलएलपीकरिता, पदनिर्देशित भागीदार' असे लिहून करा. बिलांवर आणि पत्रांवर पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि मर्यादित दायित्वाने नोंदणी झाल्याचा उल्लेख कायद्यानेच मागितला आहे.

पायरी 5: जुनी फर्म बदलायची असेल तर तारीख पाहा

चालू फर्मचे एलएलपीत रूपांतर करता येते, त्यासाठी फॉर्म 17 आहे. पण रूपांतरापूर्वीच्या देण्यांसाठी भागीदार वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतातच. घेणेकरी दाराशी आल्यावर एलएलपी करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे.

पायरी 6: वर्षाचा खर्च धरा

एलएलपीला धंदा झाला नाही तरी दरवर्षी दोन विवरणे भरावी लागतात: फॉर्म 11 साठी 30 मे, फॉर्म 8 साठी 30 ऑक्टोबर. उशीर झाला की जादा शुल्क चढत जाते. उलाढाल 40 लाखांच्या किंवा भांडवल 25 लाखांच्या पुढे गेले की एलएलपी कायद्यानुसार लेखापरीक्षण आले. आयकराचा मूळ दर फर्म आणि एलएलपी दोघांनाही 30 टक्के, तेव्हा कर वाचवायला म्हणून एलएलपी काढू नका.

रोखीने माल घेणाऱ्या, उधारी नसलेल्या दोन भावांच्या दुकानाला मी नोंदणीकृत साधी भागीदारीच सुचवेन. उधारीचा आकडा भांडवलाच्या पुढे जाणार असेल आणि एका भागीदाराचे घर दुसऱ्याच्या भरवशावर टांगले असेल, तर तिथे एलएलपीच, आणि तीही पहिले बिल फाडण्याआधी.