डिफॉल्ट बेलचा प्रश्न आला की आधी बोटांवर दिवस मोजा

जळगावला रूम करून जेएमएफसीची तयारी करणाऱ्या नवीन पोरापोरींसाठी लिहितोय. क्रिमिनल प्रोसिजरमधे डिफॉल्ट बेल सगळ्यांना "येते", 60 आणि 90 दिवस तोंडपाठ असतात, पण प्रश्न तारखा देऊन आला की मार्क जातात. माझेही गेले होते. एका सराव टेस्टमधे असाच प्रश्न होता, मी उत्तरात हक्काचं महत्त्व, कलम 21 वगैरे दोन पानं लिहिली आणि शेवटी तारीखच चुकवली, दहापैकी तीन मार्क.

तसाच प्रश्न इथे सोडवतो, गोष्ट आपल्याकडचीच घेऊ. चोपड्याकडच्या शेतकऱ्यांचा कापूस एका व्यापाऱ्याने पैसे नंतर देतो म्हणून उचलला आणि पैसे दिलेच नाहीत, गुन्हा दाखल झाला बीएनएस कलम 318(4) चा, म्हणजे फसवणूक, शिक्षा जास्तीत जास्त 7 वर्षं. अटक 5 मार्च 2025 ला रात्री. 6 मार्चला मॅजिस्ट्रेटपुढे हजर केलं, पीसीआर मिळाला, नंतर एमसीआर झाला. सोमवारी 5 मे ला सकाळी 11 वाजता आरोपीच्या वकिलाने डिफॉल्ट बेलचा अर्ज टाकला. त्याच दिवशी दुपारी 2 वाजता पोलिसांनी चार्जशीट दाखल केलं. जामीन मिळेल का?

आधी 60 का 90 ते ठरवा. बीएनएसएस कलम 187(3), जुनं 167(2). फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला 90, बाकी सगळ्याला 60. आपल्याकडे कमाल 7 वर्षं, म्हणून 60, इथे वाद नाही. (दहा वर्षं "पर्यंत" शिक्षा असलेला गुन्हा दिला असेल तर मात्र थांबा. राकेश कुमार पॉल, 2017 मधे सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की किमान शिक्षाच दहा वर्षं असेल तर 90, नुसती कमाल दहा असून भागत नाही. ते जुन्या कायद्यातल्या "दहा वर्षांपेक्षा कमी नाही" या शब्दांवर होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात शब्द "दहा वर्षं किंवा जास्त" असे आहेत, म्हणून उत्तरात दोन्ही शब्दरचना लिहा आणि मग तुमचं मत मांडा.)

आता मोजणी. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो आणि प्रश्न काढणाऱ्याने तारखा मुद्दाम तशाच ठेवलेल्या असतात.

पहिलं म्हणजे मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून. छगंती सत्यनारायण, 1986. म्हणजे 5 मार्च सोडून द्या.

दुसरं, रिमांडचा दिवस धरायचा का सोडायचा? मी टेस्टमधे सोडला होता, कारण मुदत मोजताना पहिला दिवस सोडतात हे डोक्यात पक्कं बसलेलं, आणि एम. रवींद्रन, 2020 मधेही तसंच मोजलेलं. पण 2023 मधे ईडी विरुद्ध कपिल वाधवान मधे तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की रिमांडचा दिवस धरायचा. त्या केसमधेही सगळं भांडण एका दिवसाचंच होतं, रिमांड 14 मे 2020 चा, तो दिवस धरला तर 60 वा दिवस 12 जुलै, सोडला तर 13 जुलै. कारण सरळ आहे, माणूस त्या दिवशी कोर्टाच्या हुकमाने कोठडीत होताच ना, मग तो दिवस कोठडीतून वजा कसा करणार?

तर 6 मार्च धरून मार्चचे 26 दिवस, एप्रिलचे 30, झाले 56, आणि मे चे 4. साठावा दिवस 4 मे 2025. त्या दिवशी रविवार.

तिसरी अडचण हीच. रविवारी कोर्ट बंद म्हणून पोलिसांना सोमवार मिळतो का? नाही मिळत. जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 10 इथे आणणारे बरेच जण असतात, पण ते लागतं एखादी गोष्ट ठराविक मुदतीच्या आत कोर्टात करायची असेल तेव्हा. कलम 187 चार्जशीटला मुदत घालतच नाही, 61 व्या दिवशीही चार्जशीट घेतलं जातं. ते मुदत घालतं कोठडीला. मॅजिस्ट्रेटला साठ दिवसांपुढे कोठडी मंजूर करायचा अधिकारच नाही आणि सुट्टी आली म्हणून तो वाढत नाही. हे एकदा नीट समजलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, मला समजायला दोन वर्षं लागली.

म्हणजे सोमवार हा 61 वा दिवस, हक्क उभा राहिला. पण दुपारी चार्जशीट आलं त्याचं काय? इथे घड्याळ बघायचं. संजय दत्त, 1994 च्या घटनापीठाप्रमाणे हक्क वापरायच्या आधी चार्जशीट आलं तर हक्क संपतो. आणि वापरला म्हणजे काय ते उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र, 2001 मधे आहे: आरोपीने अर्ज केला आणि जामीन द्यायची तयारी दाखवली की हक्क वापरला, मग कोर्टाने एपीपीचा से मागवला, अर्ज दुपारवर ठेवला, तेवढ्यात चार्जशीट आलं, तरी काही बिघडत नाही. आपला अर्ज 11 चा, चार्जशीट 2 चं. जामीन मिळेल. वेळा उलट असत्या तर नाही, मग रेग्युलर बेल मागावी लागली असती.

मी ज्या सरांकडे ज्युनियर होतो ते रिमांड झाल्या दिवशीच डायरीत पुढचं पान उघडून 60 वा आणि 61 वा दिवस लिहून ठेवायचे. मी एकदा विचारलं, "सर, अर्ज आदल्या संध्याकाळी टाकला तर?" ते म्हणाले, "अरे भो, हक्क अजून जन्मलाच नाही, त्याला काय वापरशील? सकाळी कोर्ट उघडताना दारात उभा राहा, आणि अर्जावर वेळ टाकून घे." परीक्षेतही हे विचारतात, 60 व्या दिवशी केलेला अर्ज मुदतीआधीचा. अर्ज तोंडी केला तरी चालतो, तेही राकेश कुमार पॉलमधे आहे, पण प्रत्यक्षात लेखीच द्या, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो.

एक आपल्या जळगावचंच. घरकुल प्रकरणात सुरेशदादा जैन यांच्या अर्जावर 2013 मधे सुप्रीम कोर्टाने ठरवलं की मुदतीत चार्जशीट आलं की पुरे, मंजुरी नसल्यामुळे कोर्टाने दखल घेतली नसेल तरी डिफॉल्ट बेल मिळत नाही. म्हणून प्रश्नात "चार्जशीट वेळेत आलं पण सँक्शन बाकी होती" असं वाक्य दिसलं की हाच निकाल लिहायचा.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असंही लिहू नका. बाँड आणि जामीनदार देईपर्यंत तो आतच राहतो, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे, आणि कोर्टाने दिलेल्या वेळेत जामीनदार उभा केला नाही व मधे चार्जशीट आलं तर मिळवलेला हक्क हातचा जातो. गावाकडच्या केसमधे हे खरंच होतं, जामीनदाराचा सातबारा वेळेवर निघत नाही.

आता हाच प्रश्न थोडा बदलून घरी सोडवा. कापूस विकत घेतला नव्हता, दलालाकडे विकायला सोपवला होता आणि त्याने तो परस्पर विकून पैसे ठेवले, एफआयआरमधे कलम 316(5) आहे. व्यापारी किंवा दलाल म्हणून केलेला विश्वासघात, शिक्षा जन्मठेपेपर्यंत, म्हणजे 90 दिवस. मार्चचे 26, एप्रिलचे 30, मे चे 31, झाले 87. नव्वदावा दिवस 3 जून, आणि 5 मे चा तो अर्ज फेटाळला जाणार.